अपडेटनंतर ऑटो लेव्हलिंग बिघडले: थ्रीडी प्रिंटरच्या सपोर्टला मेल कसा लिहावा

‘फर्मवेअर अपडेट केल्यापासून ऑटो लेव्हलिंग चालत नाही, कृपया मदत करा’ असा मेल गेला की सपोर्टकडून ठरलेले उत्तर येते: बेड पुसून घ्या, चारही नॉब जुळवा, पुन्हा लेव्हलिंग करा. तुम्ही हे सगळे आधीच केलेले असते. तसे कळवले की चार दिवसांनी दुसरा माणूस उत्तर देतो आणि पुन्हा तेच विचारतो. यात सपोर्टवाल्याचा दोष थोडाच असतो. ‘लेव्हलिंग चालत नाही’ या तीन शब्दांत निदान चार वेगळे बिघाड मावतात, आणि कोणता ते कळले नाही तर तो बिचारा सर्वांत सोप्या उपायापासूनच सुरुवात करणार.

म्हणून मेल लिहायला बसण्याआधी तास-दोन तास चाचणीला द्यावेत. इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतले एक छोटे वर्कशॉप आहे. तिथे ड्रिलिंगचे जिग आणि टेम्पलेट छापायला २२० × २२० मिमी बेडचा प्रिंटर वापरतात. बेड मोजायला नोझलशेजारी पिन खाली सोडणारा प्रोब आहे. फर्मवेअर `1.1.2` वरून `1.2.0` वर नेले आणि दुसऱ्या दिवसापासून पहिला थर बिघडू लागला. मधोमध थर छान चिकटतो, पण कोपऱ्यांत नोझल बेडला जवळजवळ घासत जाते आणि फिलामेंट बाहेरच येत नाही.

आधी कोणती कडी तुटली ते शोधा

ऑटो लेव्हलिंग ही चार कड्यांची साखळी आहे. प्रोब बेडवर ठरलेल्या ठिकाणी उंची मोजतो. त्या आकड्यांचा तक्ता, म्हणजे मेश, बोर्डच्या कायमच्या स्मृतीत साठवला जातो. छपाई सुरू होताना तो मेश लागू होतो आणि नोझल त्याप्रमाणे वर-खाली होत जाते. चौथी कडी झेड ऑफसेट, म्हणजे प्रोबची पिन आणि नोझलचे टोक यांच्या उंचीतला फरक. अपडेटने यातली कुठलीही एक तुटू शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला चारही वेळा ‘पहिला थर खराब’ एवढेच दिसते.

पहिली विभागणी मात्र नुसत्या डोळ्यांनी होते. संपूर्ण बेडवर थर सारखाच बिघडला असेल, म्हणजे सगळीकडे हवेत सुटतोय किंवा सगळीकडे घासतोय, तर संशय झेड ऑफसेटवर घ्यावा. अपडेटनंतर जुन्या सेटिंग्ज पुसल्या जाऊन ऑफसेट शून्यावर आला, तर नोझल बेडपासून दोन-अडीच मिलिमीटर वरूनच छापायला लागते. उलट कंपनीने भरलेला मूळ ऑफसेट तुमच्या मशीनपेक्षा जास्त खोल असेल तर नोझल बेडमध्ये रुतते. म्हणून अपडेटनंतरच्या पहिल्या छपाईला हात पॉवरच्या बटणावर ठेवून उभे राहावे. पण एका जागी थर चांगला आणि दुसऱ्या जागी वाईट असेल, तर ऑफसेट ठीक आहे आणि मेश कुठेतरी हरवला आहे. आपल्या उदाहरणात मध्य चांगला आणि कोपरे वाईट आहेत, तेव्हा प्रश्न मेशचा.

आता प्रिंटरशी थेट बोलावे लागेल. यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि प्रोंटरफेस किंवा ऑक्टोप्रिंट या प्रोग्रामच्या टर्मिनलमधून आज्ञा पाठवा. जोडणीचा वेग बहुतेक प्रिंटरांत `115200` असतो. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या पुष्कळ केबलींत डेटाच्या तारा नसतातच, आणि यात तासभर सहज वाया जातो. जोडणी झाली की पहिली आज्ञा `M115`. उत्तरात `FIRMWARE_NAME:Marlin` असे आले तर पुढच्या आज्ञा बहुधा चालतील. क्लिपर किंवा कंपनीचे स्वतःचे बंद फर्मवेअर असेल तर आज्ञा वेगळ्या असतात, तर्क मात्र हाच राहतो. `M115` चे उत्तर जसेच्या तसे एका टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून ठेवा. स्क्रीनवर दिसणारा आवृत्ती क्रमांक आणि बोर्डात खरोखर चालणारे फर्मवेअर कधी कधी जुळत नाहीत, आणि सपोर्टला लागते ते दुसरे.

पहिल्या कडीची चाचणी सोपी आहे. बेड ६० अंशांवर ठेवून दहा मिनिटे थांबा, कारण पत्रा तापून स्थिरावेपर्यंत त्याचा आकार बदलत असतो. मग या तीन आज्ञा द्या:

```
G28
G29
M420 S1 V
```

`G28` ने मशीन होम होते, `G29` ने बेड मोजला जातो आणि तिसऱ्या आज्ञेने मेश लागू होऊन टर्मिनलवर दाखवलाही जातो. आपल्या उदाहरणात हे आले:

```
Bilinear Leveling Grid:
      0      1      2      3      4
 0 +0.138 +0.081 +0.062 +0.079 +0.121
 1 +0.084 +0.031 +0.014 +0.028 +0.073
 2 +0.060 +0.012 +0.001 +0.015 +0.058
 3 +0.077 +0.026 +0.011 +0.030 +0.080
 4 +0.112 +0.075 +0.056 +0.083 +0.131
echo:Bed Leveling ON
```

हा तक्ता वाचता आला तर अर्धा मेल तयार झाला. अशा तक्त्यात पहिली ओळ बेडच्या पुढच्या कडेची असते आणि डावीकडचा आकडा डाव्या कोपऱ्याचा. इथे मध्य ०.००१ मिमीवर आहे आणि चारही कोपरे ०.११ ते ०.१४ मिमी वर उचललेले आहेत. म्हणजे बेड परातीसारखा किंचित खोलगट आहे. पहिला थर ०.२ मिमीचा असेल आणि मेश लागू नसेल, तर पुढच्या डाव्या कोपऱ्यात नोझलखाली ०.२ वजा ०.१३८, म्हणजे जेमतेम ०.०६२ मिमी जागा उरते. त्यातून फिलामेंट निघणार कुठून? ऑफसेट वाढवून कोपरे सोडवावेत तर मध्य सुटतो. आणि खोलगटपणा नॉब फिरवून जात नाही, कारण नॉब फक्त कल सुधारतात. ‘चारही नॉब जुळवा’ या सल्ल्याला उत्तर म्हणून हा एक तक्ता पुरतो.

त्याच वेळी, प्रिंटर बंद न करता, एक छोटी चाचणी छापा. २० मिमीचे पाच चौकोन, चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध, ०.२ मिमीचा एकच थर. स्लाइसरच्या सुरुवातीच्या कोडमध्ये `G28` नंतर `M420 S1` ही ओळ आहे ना, ते आधी पाहून घ्या. मार्लिनमध्ये होम केल्यावर लेव्हलिंग बंद होते. काही कंपन्या ते आपोआप परत चालू होईल अशी सोय करून देतात आणि काही करत नाहीत. अपडेटमध्ये ही सोय गेली असेल, तर मेश साठवलेला असूनही लागू होत नाही. तेव्हा ती एक ओळ टाकली की प्रश्न मिटतो, मेलही लिहावा लागत नाही. लेव्हलिंगच्या किती तरी तक्रारी इथेच संपतात.

आपल्या उदाहरणात ओळ आधीपासून होती. पाचही चौकोन छान आले. याचा अर्थ प्रोब, वायरिंग, बेड, ऑफसेट आणि मेश लागू करणे, सगळे शाबूत आहे. उरली साठवण.

साठवणुकीची चाचणी, आणि तिथे होणारी एक फसगत

`M500` दिल्यावर सेटिंग्ज कायमच्या स्मृतीत जातात आणि `Settings Stored` असे उत्तर येते. त्यानंतर प्रिंटर बंद करून चालू करायचा आणि मेश शिल्लक आहे का ते पाहायचे. पुष्कळ जण इथे पाठचे बटण बंद करतात, चालू करतात, मेश जागेवर आहे असे पाहतात आणि गोंधळतात. यूएसबी केबल जोडलेली असेल तर अनेक बोर्डांना संगणकाकडून पाच व्होल्ट मिळत राहतात. मुख्य पॉवर गेली तरी बोर्डचा मेंदू जागाच असतो आणि मेश तात्पुरत्या स्मृतीत तसाच राहतो. बटण बंद केल्यावरही स्क्रीन मंद उजळलेली दिसली तर हेच चालले आहे असे समजा. पॉवर बंद करा, केबल काढा, अर्धा मिनिट थांबा, मग पॉवर चालू करून केबल जोडा. एवढे केल्यावरच ‘बंद-चालू केले’ असे मेलमध्ये लिहावे.

दुसरी खबरदारी अशी, की मेश साठवला जात नाही की काहीच साठवले जात नाही, हे वेगळे काढायला हवे. त्यासाठी झेड ऑफसेट मुद्दाम एक शतांश मिलिमीटरने बदला. उदाहरणातल्या प्रिंटरचा ऑफसेट -२.३५ होता, तो -२.३६ केला:

```
M851 Z-2.36
M500
```

आकडा बदलायचा तो यासाठी, की जुनाच ठेवला तर दिसणारा आकडा नुकताच साठवलेला आहे की आधीपासून तिथे पडलेला, हे सांगता येणार नाही. आता वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण बंद करून चालू करा आणि आधी `M503`, मग `G28`, मग `M420 S1 V` द्या. उदाहरणात `M503` च्या यादीत ऑफसेट `Z-2.36` दिसला, म्हणजे साठवण चालू आहे. पण मेशबाबत हे आले:

```
Error:Failed to enable Bed Leveling
echo:Bed Leveling OFF
```

लागू करायला वैध मेशच नाही, असा याचा अर्थ. ऑफसेट टिकतो, मेश टिकत नाही. एवढे एक वाक्य हाती आले की मेल लिहिण्यासारखा झाला.

ऑफसेटही टिकला नसता तर शोध दुसरीकडे न्यावा लागला असता. काही प्रिंटर सेटिंग्ज बोर्डवरच्या चिपऐवजी मेमरी कार्डावर `EEPROM.DAT` नावाच्या फाइलमध्ये ठेवतात. कार्ड काढले किंवा फॉरमॅट केले की सगळेच जाते. फर्मवेअर चढवण्यासाठी कार्ड रिकामे केले आणि सेटिंग्जही त्याबरोबर पुसल्या गेल्या, हा प्रकार अपडेटचा दोष म्हणून मेलमध्ये जाऊ नये.

रीसेट, पुन्हा चढवणे आणि मागे जाणे

आता तीन गोष्टी करून पाहायच्या, आणि एका वेळी एकच.

पहिली, सेटिंग्ज मूळ स्थितीला आणणे, म्हणजे रीसेट. अपडेटनंतर स्मृतीतली मांडणी नव्या फर्मवेअरला न समजणारी असू शकते. मार्लिन सुरू होताना हे ओळखते आणि `EEPROM version mismatch` असा संदेश देते. तो दिसो वा न दिसो, `M502` आणि लगेच `M500` द्या. त्याने तुमचा ऑफसेट आणि मोटरच्या पावलांचे आकडेही जातात, म्हणून आधी `M503` ची पूर्ण यादी फाइलमध्ये उतरवून घ्या. अपडेटच्या आधी ही यादी काढून ठेवलेली असेल तर फारच उत्तम, कारण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की अपडेटने नेमके काय बदलले ते दिसते. रीसेटनंतर ऑफसेट पुन्हा भरा, बेड मोजा, साठवा आणि पूर्ण बंद-चालूची चाचणी परत करा.

दुसरी, तेच फर्मवेअर नव्याने चढवणे. फाइल पुन्हा डाउनलोड करा, दुसरे कार्ड घ्या, ते एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि त्यावर तेवढी एकच फाइल ठेवा. काही बोर्ड आधी वापरलेल्या नावाची फाइल दुसऱ्यांदा घेतच नाहीत, मुकाट्याने जुनेच चालवतात. त्यासाठी नाव थोडे बदलावे. आवृत्ती बदलताना चढले की नाही याची खात्री `M115` वरून करावी; तीच आवृत्ती पुन्हा चढवली तर त्यावरून कळत नाही. पावसाळ्यात लाइट जायची शक्यता असेल तर प्रिंटर यूपीएसवर घेऊनच हे काम करा. फर्मवेअर लिहिले जात असताना पॉवर गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची पाळी येते.

तिसरी, जुन्या आवृत्तीवर परत जाणे. संपूर्ण मेलमध्ये सर्वांत वजनदार पुरावा हाच असतो. `1.1.2` चढवा, रीसेट करा, ऑफसेट भरा, बेड मोजा, साठवा, पूर्ण बंद-चालू करा. मेश टिकला? मग पुन्हा `1.2.0` चढवा आणि हेच सगळे त्याच क्रमाने करा. मेश गेला? जुने चांगले, नवे वाईट, हे एकदाच पाहिले तर योगायोग म्हणता येतो. नवे, जुने, पुन्हा नवे असे तीन फेऱ्यांत दिसले की हार्डवेअरवर बोट ठेवायला जागा उरत नाही. मशीन तेच आहे, वायर त्याच आहेत, बदलले फक्त फर्मवेअर. एका फेरीला अर्धा-पाऊण तास लागतो. तो द्यावा.

इथे एक मर्यादा मात्र पाळा. अपडेटमध्ये स्क्रीनचे फर्मवेअरही वेगळे चढवले असेल, तर मागे जाताना दोन्ही जुळवून न्यावी लागतात. जुन्या आवृत्तीवर जायला कंपनीने मनाई केली असेल किंवा त्याने वॉरंटी जाते असे लिहिले असेल, तर स्वतःहून जाऊ नका. मेलमध्ये तसे लिहून परवानगी मागा: ‘आपण सांगितल्यास जुनी आवृत्ती चढवून तुलना करून देऊ.’

प्रत्येक चाचणीच्या वेळी टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून फाइलमध्ये ठेवा आणि वर एका ओळीत लिहा: कोणती आवृत्ती, कितवी फेरी. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत क्रम हमखास चुकतो.

मेल

विषयाच्या ओळीत मॉडेल, दोन्ही आवृत्त्या आणि लक्षण यावे. ‘तातडीचे’ किंवा ‘प्रिंटर खराब’ असे शब्द तिथली जागा खातात. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष सांगावा, कारण पहिला वाचणारा माणूस तेवढेच वाचून मेल कोणाकडे पाठवायचा ते ठरवतो. करून पाहिलेल्या उपायांपुढे त्याचा परिणाम लिहावा. ‘रीसेट केले’ एवढ्याने काही कळत नाही. ‘रीसेट केले, फरक नाही’ याने कळते. आपल्या उदाहरणाचा मेल असा होईल:

> विषय: [मॉडेल] – `1.1.2` वरून `1.2.0` अपडेटनंतर बेडचा मेश बंद-चालू केल्यावर टिकत नाही
>
> नमस्कार,
>
> आमच्या प्रिंटरवर फर्मवेअर `1.2.0` चढवल्यापासून `G29` ने तयार झालेला मेश `M500` देऊनही साठत नाही. प्रिंटर बंद करून चालू केला की मेश जातो. झेड ऑफसेट मात्र टिकतो. `1.1.2` वर परत गेल्यास मेश टिकतो, पुन्हा `1.2.0` वर आल्यास जातो. त्यामुळे दोष प्रोबचा किंवा वायरिंगचा नसून `1.2.0` मधील साठवणुकीचा असावा असे आम्हाला वाटते.
>
> मशीन: मॉडेल व सीरियल क्रमांक […], बोर्डवर छापलेला क्रमांक […], खरेदीचे बिल जोडले आहे. प्रोब मूळचा, कंपनीने बसवलेला. मशीनमध्ये बाहेरचा कोणताही भाग बसवलेला नाही. बेड २२० × २२० मिमी, मेश ५ × ५.
>
> दोष पुन्हा दिसण्यासाठी:
> 1. बेड ६० अंशांवर १० मिनिटे ठेवला.
> 2. `G28`, `G29`, `M420 S1 V`. मेश दिसला, `Bed Leveling ON` आले.
> 3. `M500`. `Settings Stored` आले.
> 4. पॉवर बंद, यूएसबी केबलही काढली, ३० सेकंद थांबून चालू.
> 5. `G28`, `M420 S1 V`. `Failed to enable Bed Leveling` आले.
>
> अपेक्षित: पाचव्या पायरीला दुसऱ्या पायरीतलाच मेश दिसावा. `1.1.2` मध्ये तसे होते.
>
> करून पाहिलेले उपाय:
> 1. तिसऱ्या पायरीनंतर, बंद न करता, पाच चौकोनांची चाचणी छापली. पाचही ठिकाणी थर चांगला. (फोटो १)
> 2. बंद-चालू केल्यावर तीच फाइल छापली. मध्य चांगला, चारही कोपऱ्यांत नोझल घासते. (फोटो २)
> 3. ऑफसेट -२.३५ चा -२.३६ करून साठवला, बंद-चालू केले. -२.३६ टिकला.
> 4. `M502`, `M500` ने रीसेट करून पुन्हा मोजले. मेश टिकला नाही.
> 5. फाइल नव्याने डाउनलोड करून, दुसऱ्या कार्डावरून `1.2.0` पुन्हा चढवले. मेश टिकला नाही.
> 6. `1.1.2` चढवले, रीसेट केले, मोजले. मेश टिकला, दोनदा बंद-चालू करून पाहिले.
> 7. पुन्हा `1.2.0` चढवून तीच कृती केली. मेश टिकला नाही.
>
> नॉब जुळवलेले आहेत. चारही कोपरे मध्यापेक्षा ०.११ ते ०.१४ मिमी वर आहेत, म्हणजे बेड किंचित खोलगट आहे. हा फरक नॉबने जात नाही, म्हणून आम्हाला मेश लागतो. स्लाइसरच्या सुरुवातीच्या कोडमध्ये `G28` नंतर `M420 S1` आहे.
>
> सध्या: प्रत्येक छपाईआधी `G29` चालवून काम करत आहोत.
>
> विचारणा: हा दोष आपल्याला माहीत आहे का? सुधारित फर्मवेअर येईपर्यंत `1.1.2` वापरल्यास वॉरंटीला बाधा येईल का?
>
> जोडले आहे: टर्मिनलच्या नोंदी (टेक्स्ट फाइल), दोन्ही आवृत्त्यांवरील `M115` व `M503`, चाचणीची जी-कोड फाइल, दोन फोटो, बिल.
>
> आपला,
> [नाव, वर्कशॉप, मकरपुरा, बडोदा, फोन]

‘असावा असे आम्हाला वाटते’ हे शब्द जपून निवडलेले आहेत. निरीक्षण ठामपणे सांगावे, कारणाबद्दल एक पाऊल मागे राहावे. मेश का साठत नाही हे बाहेरून कळत नाही. नव्या आवृत्तीत मेशचा आकार, साठवण्याची जागा किंवा लेव्हलिंगची पद्धतच बदललेली असू शकते. ‘तुमच्या प्रोग्रामरने घोळ घातला’ असे लिहिले की उत्तर तंत्रज्ञाकडून न येता तक्रार विभागाकडून येते.

कंपनीचा सपोर्ट इंग्रजीत चालत असेल तर हाच मेल वाक्यामागून वाक्य सोप्या इंग्रजीत करावा. वाक्ये छोटी ठेवली आहेत ती त्यासाठीही. आज्ञा आणि प्रिंटरची उत्तरे कुठल्याच भाषेत बदलू नयेत, अवतरणासारखी जशीच्या तशी ठेवावीत.

टर्मिनलचे स्क्रीनशॉट शक्यतो पाठवू नका. चित्रातला मजकूर शोधता येत नाही आणि कापलेल्या कडेबाहेर नेमकी हवी ती ओळ राहते. फोटो मात्र थराचा हवाच. बेडवरचा थर न काढता, दिवा एका बाजूने तिरपा पडेल असा ठेवून वरून घ्या. समोरून फ्लॅश मारला तर चकचकीत पत्र्यावर काहीच दिसत नाही. तिरप्या उजेडात दबलेल्या थराच्या रेषा एकमेकींत मिसळून गुळगुळीत झालेल्या आणि चांगल्या थराच्या रेषा सारख्या अंतराने दिसतात. फोटोत बेडची पुढची बाजू कोणती, ते कागदाची चिठ्ठी ठेवून दाखवा.

चाचणीसाठी फिलामेंट कोरडे वापरा. जुलै-ऑगस्टच्या बडोद्यातल्या दमट हवेत आठवडाभर उघडी राहिलेली गुंडाळी फुसफुसत बुडबुडे सोडते, आणि फोटोत ते दिसले की चर्चा लेव्हलिंगवरून फिलामेंटवर घसरते.

उत्तर आल्यावर

तरीही ‘बेड पुन्हा लेव्हल करून पाहा’ असे उत्तर आले तर नवा मेल सुरू करू नका. त्याच मेलला उत्तर द्या आणि ‘उपाय ६ व ७ पाहावेत, मशीन तेच, फक्त आवृत्ती बदलल्यावर फरक पडतो’ एवढेच लिहा. उपायांना क्रमांक दिलेले असतात ते अशा वेळी उपयोगी पडतात. सपोर्टने एखादी नवी चाचणी सांगितली तर ती करा, जरी निरर्थक वाटली तरी, आणि निकाल आठव्या क्रमांकाने त्याच यादीत जोडा.

चाचणीसाठी म्हणून फर्मवेअरची फाइल पाठवली गेली, तर चढवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: ती तुमच्या बोर्डाच्या छापील क्रमांकासाठीच आहे ना, आणि तुमच्याच प्रकारच्या प्रोबसाठी आहे ना. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काळात वेगळे बोर्ड बसवलेले असतात, आणि प्रोब नसलेल्या मशीनची फाइल चढली तर होम करताना झेड कुठे थांबायचे हेच मशीनला कळत नाही. चढवल्यावर पहिल्यांदा `M119` द्या आणि प्रोबची स्थिती यादीत येते का पाहा; काही मशीनवर ती `z_min` या नावानेच दिसते. मग `G28` देताना हात पॉवरच्या बटणावर ठेवा. पिन खाली येऊन बेडला टेकली आणि नोझल थांबले की ऑफसेट भरा, मेलमधल्या पाच पायऱ्या त्याच क्रमाने करा आणि पाचव्या पायरीचे उत्तर, मेश दिसो वा न दिसो, त्याच दिवशी सपोर्टला पाठवा.